तारखा भरलेल्या असताना पाहुण्यांना काय लिहावं: होमस्टेच्या एका वेटिंग लिस्टची गोष्ट

होमस्टे सुरू करताना सगळे सल्ले रिकाम्या खोल्यांबद्दल मिळतात. फोटो कसे काढायचे, दर किती ठेवायचे, पहिले पाहुणे कुठून आणायचे. घर भरल्यावर येणाऱ्या विचारणांचं काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. आमचं घर चार खोल्यांचं, दोन तळमजल्यावर, दोन वर. डिसेंबरमधल्या १२ आणि १३ या शुक्रवार-शनिवारच्या रात्री ऑक्टोबर संपेपर्यंत पूर्ण भरल्या, आणि त्यानंतरही नेमकी त्याच तारखांसाठी विचारणा येत राहिली. त्या एका शनिवार-रविवारच्या निमित्ताने आम्ही दोघांनी नकाराचं उत्तर, जवळच्या तारखा आणि वेटिंग लिस्ट हे सगळं शेवटपर्यंत निभावलं. जे यजमान पहिल्यांदाच यातून जाणार आहेत, त्यांच्यासाठी ते क्रमाने लिहिते आहे.

३ नोव्हेंबरला एका ताईंचा मेसेज आला. आईचा ७५वा वाढदिवस, सहा मोठी माणसं आणि दोन मुलं, शुक्रवारी १२ला येऊन रविवारी १४ला निघायचं, दोन खोल्या हव्यात, त्यातली एक तळमजल्यावरच, कारण आईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. मेसेज नीट, सविस्तर आणि खूप आशेने लिहिलेला होता. वाचून वाईट वाटलं. अशा वेळी हात आपोआप एकच ओळ लिहायला जातो: ‘क्षमस्व, त्या तारखा फुल आहेत.’

प्रवासी म्हणून ही ओळ मला स्वतःला बऱ्याचदा आली आहे, आणि ती वाचल्यावर पुढे काय करायचं हे कधीच कळलेलं नाही. दोन्ही रात्री भरल्या आहेत की एकच? सगळ्या खोल्या गेल्या की एखादी शिल्लक आहे? कोणी रद्द केलं तर मला कळवतील का? पुन्हा विचारलं तर त्रास दिल्यासारखं होईल का? मग माणूस विचारणं सोडून देतो आणि दुसरीकडे जातो. म्हणून त्या ताईंना उत्तर लिहिण्याआधी आम्ही कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसलो.

पहिलं काम, तारखा खरोखर भरल्या आहेत का ते तपासणं. आमची बुकिंग दोन साइटवरून येतात आणि उरलेली थेट फोन-मेसेजवर. दोन्ही साइटची कॅलेंडरं `.ics` लिंकने एकमेकांना जोडलेली आहेत. ही जोडणी उपयोगी आहे, पण ती तत्काळ चालत नाही. प्रत्येक साइट ठरावीक अंतराने दुसरीचं कॅलेंडर वाचते, आणि मधल्या काळात एकीकडे भरलेली खोली दुसरीकडे मोकळी दिसू शकते, किंवा रद्द झालेली खोली भरलेलीच दिसते. म्हणून ‘भरलं आहे’ असं लिहिण्याआधी मूळ नोंद पाहायची. आमच्याकडे ती एका साध्या वहीत आहे: आडव्या रांगेत रात्री, उभ्या रांगेत खोल्या. त्यात दोन्ही रात्रींचे चारही चौकोन भरलेले होते.

दुसरं काम, जवळच्या तारखा निवडणं. इथे मोकळ्या दिसतील त्या सगळ्या तारखा पाठवाव्यात असं वाटतं. पण पाच पर्याय पाहून माणूस गोंधळतो, आणि त्यातले तीन त्याच्या गरजेत बसतच नाहीत. आम्ही त्यांच्या गरजेने चाळण लावली: दोन खोल्या, सलग दोन रात्री, एक खोली खाली. १९ ते २१ला एकच खोली शिल्लक होती, म्हणून ते बाद. ५ ते ७ हा आधीचा शुक्रवार ते रविवार मोकळा होता, पण उरलेल्या दोन्ही खोल्या वरच्या. रविवार १४ ते मंगळवार १६ या दोन रात्री चारही खोल्या मोकळ्या होत्या. सोमवार १५ ते बुधवार १७ही चाललं असतं, पण मग रविवारची एक रात्र मधेच एकटी उरली असती, आणि अशी एकटी रात्र सहसा कोणी घेत नाही. पाहुण्यांची सोय सारखीच असेल, तर आधीच्या बुकिंगला चिकटून असलेल्या तारखा पुढे कराव्यात.

१४ तारखेला आणखी एक अडचण होती. त्या सकाळी चारही खोल्या एकदम रिकाम्या होणार. सगळ्यांच्या चादरी, स्नानगृहं, झाडझूड, दोघांच्या हातून ते एकच्या आत होत नाही. नेहमी आम्ही पाहुण्यांना एकला खोली देतो, त्या दिवशी तीनच्या आधी देता आली नसती. हे उत्तरातच लिहायचं ठरवलं. म्हाताऱ्या आईंना घेऊन आलेल्या माणसांना दारात दोन तास बसवून ठेवणं मला चाललं नसतं.

तिसरं काम वेटिंग लिस्टचं, आणि सगळ्यात जास्त विचार याच्यावर झाला. ‘वेटिंगवर ठेवते’ म्हणणं फार सोपं असतं. पण ऐकणारा त्या शब्दावर आपलं नियोजन टांगून ठेवतो, दुसरीकडे बुकिंग करायचं थांबतो. म्हणून त्याला सांगायला हवं की खोली सुटण्याची शक्यता कधी जास्त आहे, आणि कुठल्या दिवसानंतर वाट पाहण्यात अर्थ नाही.

याचं उत्तर आमच्याच रद्द करण्याच्या नियमांत होतं. येण्याच्या १४ दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर पूर्ण ॲडव्हान्स परत, त्यानंतर ७ दिवस आधीपर्यंत निम्मा, आणि पुढे काही नाही. साइट जे पर्याय देते त्यातलाही १४ दिवसांचाच आम्ही निवडला होता, त्यामुळे सगळ्या पाहुण्यांची मुदत एकाच दिवशी संपते. ज्यांचं यायचं नक्की नसतं ते या मुदतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत निर्णय घेतात. मुदत उलटली की पैसे अडकतात आणि माणूस शक्यतो येतोच. शुक्रवार १२साठी पूर्ण परताव्याची शेवटची तारीख २८ नोव्हेंबर, निम्म्या परताव्याची ५ डिसेंबर. म्हणजे आमच्या वेटिंग लिस्टचे खरे दिवस २६ ते २८ नोव्हेंबर, आणि ती बंद करायचा दिवस ५ डिसेंबर. तुमचे नियम वेगळे असतील तर तुमचे दिवसही वेगळे निघतील, पण ते आधी काढून ठेवा.

मग हे उत्तर पाठवलं:

‘नमस्कार ताई. आईंच्या वाढदिवसासाठी आमचं घर निवडावंसं वाटलं, याबद्दल मनापासून आभार. १२ आणि १३ डिसेंबर या दोन्ही रात्री आमच्या चारही खोल्या भरल्या आहेत, त्यामुळे आज तरी त्या तारखा देता येत नाहीत.

जवळच्या दोन तारखा आहेत. रविवार १४ ते मंगळवार १६: एक खोली तळमजल्यावर, एक वर. या दोन रात्रींचा दर शुक्रवार-शनिवारच्या रात्रींपेक्षा कमी आहे. मात्र त्या दिवशी खोल्या दुपारी तीनला मिळतील. दुसरी, शुक्रवार ५ ते रविवार ७: दोन खोल्या आहेत, पण दोन्ही वरच्या मजल्यावर, १६ पायऱ्या चढून. आईंसाठी ते जमेल का, हे तुम्हीच ठरवावं. यातली कुठलीही तारीख तुमच्यासाठी बुधवारी ५ नोव्हेंबरला रात्री नऊपर्यंत राखून ठेवते, त्यासाठी पैसे नकोत.

१२ ते १४ हेच हवं असेल तर वेटिंग लिस्टवर नाव घेते. सध्या तुमच्या आधी कोणी नाही. खोली सुटलीच तर बहुतेक २६ ते २८ नोव्हेंबरच्या सुमारास सुटेल, कारण २८ला आमची पूर्ण परताव्याची मुदत संपते. खोली सुटल्यावर आधी तुम्हाला विचारेन आणि उत्तरासाठी २४ तास देईन. ५ डिसेंबरला यादी बंद करते आणि काहीही झालं तरी त्या दिवशी कळवते. खोली मिळेलच असं वचन देता येत नाही, म्हणून तोवर दुसरीकडे चांगली सोय झाली तर जरूर घ्या, फक्त मला एक ओळ टाका.

वेटिंगसाठी तीन गोष्टी कळवाल का? एकच खोली सुटली तर चालेल का, दोनपैकी एकच रात्र मिळाली तर चालेल का, आणि तयारीसाठी किमान किती दिवस आधी कळायला हवं.’

उत्तर लांब आहे हे मला माहीत आहे. पण वाचणाऱ्याला पुन्हा काही विचारावं लागत नाही, आणि मधला मजकूर साच्यासारखा जपून ठेवता येतो. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये असे मजकूर ‘क्विक रिप्लाय’ म्हणून ठेवता येतात आणि `/` टाइप केलं की समोर येतात. मी पहिली दोन वाक्यं आणि तारखा दर वेळी नव्याने लिहिते. बाकीचं तेच राहतं.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम केली नाही, ती म्हणजे वेटिंगसाठी पैसे घेणं. थोडी रक्कम घेतली की माणूस गंभीर आहे हे कळतं, असं म्हणणारे यजमान आहेत. पण जी वस्तू आपल्याकडे नाही तिचे पैसे हातात आले की आपल्यावर ती देण्याचा दबाव येतो, आणि शेवटी सगळ्यांना परत करण्याचं काम मागे लागतं. राखून ठेवण्यालाही पैसे घेतले नाहीत, फक्त मुदत ठेवली. मुदत लिहिताना ‘४८ तास’ असं न लिहिता वार, तारीख आणि वेळ लिहावी. ४८ तास नेमके कधी सुरू झाले याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

ताईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. रविवार ते मंगळवार शक्य नव्हतं, मुलांची शाळा आणि दोघांच्या रजा. त्यांनी विचारलं, ५ ते ७ आत्ता बुक करून ठेवू आणि १२ ते १४च्या वेटिंगवरही राहू का?

हा प्रश्न बहुतेक प्रत्येक जण विचारतो, आणि ‘हो, चालेल’ म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. पण तारखा मांडून पाहिल्या. ५ डिसेंबरच्या बुकिंगची पूर्ण परताव्याची मुदत २१ नोव्हेंबरला संपते. वेटिंगचा निकाल मात्र २८च्या आसपास लागणार. म्हणजे १२ची खोली सुटेपर्यंत ५चे निम्मे पैसे अडकलेले असणार. पाहुण्यांच्या हे सहजी लक्षात येत नाही, आणि नंतर कळलं की फसवल्यासारखं वाटतं. आम्ही त्यांना हे मांडून सांगितलं आणि एक सवलत दिली: आमच्याच घरात तारीख बदलायची असेल तर २८ नोव्हेंबरपर्यंत पूर्ण ॲडव्हान्स नव्या तारखेला वळवू. यात धोका आमचा होता, कारण ५ ते ७च्या दोन खोल्या ऐन आठवड्यावर रिकाम्या झाल्या असत्या. पण आधी सांगून पत्करलेला धोका मला मान्य होता. त्यांनी घरी विचारलं आणि शेवटी पायऱ्यांमुळे ५ ते ७ नको म्हणाल्या. वेटिंगवर नाव राहिलं, सोबत त्यांची उत्तरं: एक खोली चालणार नाही, एक रात्र चालणार नाही, २ डिसेंबरनंतर कळलं तर उपयोग नाही.

नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत यादीत आणखी तीन नावं आली. एक जोडपं, कुठलीही एक खोली, दोन्ही रात्री, आदल्या दिवशी कळलं तरी येणारे. चार मित्र, दोन खोल्या हव्यात, पण एका खोलीत जादा गाद्या टाकूनही चालेल. आणि साइटवरून विचारणारे एक गृहस्थ, फक्त शुक्रवारची रात्र. प्रत्येकाला त्याचा क्रमांक सांगितला, आणि एक नियमही: सुटलेली खोली आधी विचारणाऱ्याला आधी, पण त्याच्या गरजेत ती बसत असेल तरच. नाहीतर त्याच्यानंतरच्याला विचारू, आणि आधीच्याचा क्रमांक तसाच राहील.

या दिवसांत एका तांत्रिक गोष्टीची काळजी घेतली. साइटवरचं बुकिंग पाहुण्याने रद्द केलं की त्या तारखा तिथे आपोआप पुन्हा विक्रीला उघडतात. आपण रात्री झोपेत असताना कोणीतरी अनोळखी माणूस ती खोली घेऊन जातो, आणि सकाळी यादीतल्यांना सांगायला आपल्याकडे काही उरत नाही. भरलेल्या तारखा साइटवर वेगळ्या बंद करता येतीलच असं नाही. म्हणून आम्ही गुगल कॅलेंडरमध्ये एक वेगळं कॅलेंडर केलं, त्यात १२ आणि १३ला नोंद टाकली, आणि त्याची `.ics` लिंक दोन्ही साइटवर प्रत्येक खोलीला जोडली. बुकिंगच्या खाली हा दुसरा अडसर राहतो. बुकिंग गेलं तरी तारीख बंदच. हे काम तारखा भरल्याच्या दिवशीच करून, नोंद पोहोचली आहे ना ते दुसऱ्या दिवशी पाहावं. यादीतल्या कोणालाही विचारायचं उरलं नाही की ही नोंद आठवणीने काढायचीही असते.

साइटवरून आलेल्या गृहस्थांशी बोलणं साइटच्या मेसेजमध्येच ठेवलं. बुकिंग पक्कं होईपर्यंत तिथे फोन नंबर पाठवता येत नाही, पाठवला तरी झाकला जातो. शिवाय तिथून आलेल्या पाहुण्याला बाहेर वळवणं साइटच्या नियमात बसत नाही, आणि मला ते पटतही नाही.

२७ नोव्हेंबरला दुपारी वरची एक खोली सुटली, दोन्ही रात्रींची. आनंद झाला आणि लगेच पेच पडला. यादीत पहिल्या ताई, पण त्यांना दोन खोल्या हव्यात, एक खालची. दुसऱ्या क्रमांकाच्या जोडप्याला ही खोली अगदी जमत होती. नियमाने जोडप्याला द्यायला हवी. पण पूर्ण परताव्याची मुदत दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपत होती. त्या वेळात खालची एखादी खोली सुटली असती आणि वरची आपण देऊन बसलो असतो, तर पहिल्या क्रमांकाच्या माणसाचं काम थोडक्यात हुकलं असतं.

आम्ही दोघं बराच वेळ यावर बोललो. शेवटी ठरलं की ही खोली २८च्या मध्यरात्रीपर्यंत कोणालाच द्यायची नाही, पण गप्पही राहायचं नाही. ताईंना लिहिलं: ‘एक वरची खोली सुटली आहे. खालची सुटली तर दोन्ही तुमच्या. २९ला सकाळी दहाला नक्की सांगते.’ जोडप्याला फोन केला: ‘एक खोली सुटली आहे, पण तुमच्या आधी ज्यांचं नाव आहे त्यांना दोन लागतात. दुसरी सुटली नाही तर ही तुमची. २९ला सकाळी दहापर्यंत थांबाल का?’ ते थांबायला तयार झाले. असा पेच मुदतीच्या दहा दिवस आधी पडला असता, तर मी खोली सरळ जोडप्याला दिली असती. न सुटलेल्या खोलीच्या आशेवर सुटलेली खोली दीड दिवस अडवून ठेवता येते, त्याहून जास्त नाही.

२८ला संध्याकाळी तळमजल्यावरच्या दोन्ही खोल्या घेतलेल्या एका गटाचा मेसेज आला. त्यांच्यातले दोघं येत नव्हते, एक खोली कमी केली तर चालेल का? मुदतीत होते, पूर्ण ॲडव्हान्स परत करायचा होता. ‘हो’ लिहायला मला एक मिनिट लागलं नाही. मात्र पैसे परत करून, त्यांच्याकडून ‘खोली सोडली’ हे लेखी घेऊन आणि वहीत खोडून झाल्यावरच ताईंना फोन केला. हा क्रम पाळायलाच हवा. रद्द करतो म्हणणारी माणसं तासाभरात मन बदलतात, आणि तोपर्यंत खोली दुसऱ्याला दिलेली असली तर तिच्यावर दोघांचा हक्क होतो.

ताई फोनवर काही क्षण बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, ‘आईला सांगू का आत्ताच?’ मी म्हटलं, ‘सांगा, पण उद्या रात्री नऊच्या आत निम्मे पैसे ॲडव्हान्स म्हणून पाठवा, मगच खोल्या तुमच्या नावावर लिहिते.’ आपुलकी कितीही वाटली तरी इथे सूट देऊ नये, कारण मागे दुसरी माणसं वाट पाहत असतात. २९ला दुपारी पैसे आले. आम्ही खोल्यांची नावं, दोन्ही तारखा, येण्याची वेळ, मिळालेली रक्कम आणि राहिलेली रक्कम असा खात्रीचा मेसेज पाठवला. आता परताव्याचे कोणते नियम लागू आहेत हेही लिहिलं, कारण पूर्ण परताव्याची मुदत आदल्या दिवशीच संपली होती. उशिरा बुकिंग करणाऱ्याला ती मुदत मिळतच नाही, हे पैसे घेण्याआधी सांगायला हवं. मी फोनवरच सांगितलं होतं.

जोडप्याला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. त्यांना सकाळी दहाचा शब्द दिला होता, म्हणून पैसे येण्याची वाट न पाहता बरोबर दहाला फोन केला. दुसरी खोली सुटली आणि दोन्ही आधीच्या पाहुण्यांना देऊ केल्या आहेत, रात्री नऊपर्यंत त्यांचे पैसे आले नाहीत तर तुम्हाला कळवते. पैसे आल्यावर दुपारी पुन्हा कळवलं. ते नाराज झाले आणि तसं बोलूनही दाखवलं. मी समजूत काढत बसले नाही. १४ ते १६ अजून मोकळं आहे एवढं सांगितलं, आणि ५ तारखेपर्यंत यादीत त्यांचं नाव आता पहिलं आहे हेही. रविवार ते मंगळवार त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

चार मित्रांना लिहिलं तेव्हा कळलं की त्यांनी मागच्याच आठवड्यात दुसरीकडे बुकिंग केलं होतं. कळवायचं राहून गेलं होतं. असं होणारच. म्हणून यादीतल्या नावावर भरवसा ठेवून कुठलीही खोली अडवू नये, विचारून उत्तर आल्यावरच पुढे जावं.

५ डिसेंबरला यादी बंद केली. जोडप्याला आणि त्या गृहस्थांना दोन ओळींचा मेसेज गेला: खोली सुटली नाही, यादी आज बंद करते आहे, यानंतर अचानक काही सुटलं तर विचारलेलं चालेल का? जोडप्याने दुसरा बेत ठरवल्याचं कळवलं. गृहस्थ म्हणाले, जरूर विचारा.

९ डिसेंबरला वरची उरलेली खोली रद्द झाली. घरात अचानक आजारपण. नियमाने त्यांना काहीच परत मिळणार नव्हतं. पण आमच्या अटींमध्ये एक ओळ आहे, की उशिरा रद्द झालेली खोली पुन्हा गेली तर जेवढ्या रात्री गेल्या तेवढ्यांचे पैसे परत करू. एकाच रात्रीचे दोघांकडून पैसे घेणं मला बरोबर वाटत नाही, आणि वेटिंग लिस्ट ठेवणाऱ्याने ही ओळ अटींत घालावीच, कारण ती खोली विकण्याचं साधन आपल्याकडे तयारच असतं.

गृहस्थांना साइटवर मेसेज केला. त्यांना फक्त शुक्रवार हवा होता, आणि आमच्याकडे शनिवार-रविवारला जोडून किमान दोन रात्रींची अट साइटवर लावलेली होती. ती त्या खोलीपुरती एक रात्र केली. मग अडसर काढायचा प्रश्न आला. तारीख उघडली की ती सगळ्यांनाच दिसते, फक्त आपल्या पाहुण्याला नाही. म्हणून आधी वेळ ठरवली, रात्री साडेआठ. गुगल कॅलेंडरमधली नोंद आधीच काढली असती तर ती साइटवर कधी पोहोचेल याचा भरवसा नव्हता, म्हणून साइटवरच त्या खोलीची जोडलेली लिंक काढली, शनिवारची रात्र हाताने बंद ठेवली, फक्त शुक्रवार मोकळा झालेला पाहिला आणि मेसेज केला ‘आता करा’. काही मिनिटांत बुकिंग आलं. त्यानंतर शनिवार दोन्ही साइटवर एका रात्रीसाठी उघडला. तो कोणी घेतला नाही. आजारपणामुळे न येऊ शकलेल्यांना शुक्रवारच्या रात्रीचे पैसे परत केले, शनिवारचे नाही, आणि का ते लिहून कळवलं.

१२ला ताई, त्यांच्या आई आणि बाकी सगळे आले. खालची खोली आईंना मिळाली. मी तोपर्यंत उत्तराच्या साच्यात दोन बदल केले होते: ‘जवळची तारीख बुक करून वेटिंगवरही राहता येईल का’ या प्रश्नाचं उत्तर दोन्ही मुदतींसह आधीच घातलं, आणि एकच खोली सुटली तर आम्ही ती किती वेळ थांबवून धरू, हेही. पुढच्या शनिवार-रविवारसाठी, १९ ते २१साठी, आता चारही खोल्या भरल्या होत्या आणि पहिली विचारणा येऊन पडली होती.